तीन हंगामांचा सोयाबीन ग्रुप आणि अकरा पानांची वही: एक्सपोर्ट केलेली चॅट साफ करताना काय काय झालं

आमच्या गावाचा (औसा तालुका, जि. लातूर) सोयाबीनवाल्यांचा एक व्हॉट्सअप ग्रुप आहे, मामा त्याचे ॲडमिन. मे महिना लागला की दरवर्षी तेच चालू होतंय, घरचं बी किती टाकायचं, उगवण कशी बघायची, पाऊस किती झाल्यावर पेरायचं. मामा दरवर्षी तेच उत्तर टाइप करून वैतागलेले. मागच्या वर्षी मला म्हणले, "अरे तू कम्प्युटरवर बसतोस ना दिवसभर, हे सगळं काढून एकदा वहीवानी करून दे की. तेच तेच किती येळा सांगायचं."

मी म्हणलं दोन दिवसाचं काम. तीन आठवडे लागले, आणि मध्ये एक चूक अशी झाली की वही तशीच वाटली असती तर कुणाच्या तरी रानात पीक विरळ उगवलं असतं. ती चूक कुठून आली हे सांगण्यासाठीच हे लिहायलो.

फाइल एक नाही, दोन

ग्रुप २०२१ चा, मी त्यात २०२३ च्या मार्चमध्ये आलो. मी ग्रुपात यायच्या आधीचे मेसेज माझ्या फोनवर नव्हते, त्यामुळं माझ्या एक्सपोर्टमध्येही आले नाहीत. माझ्या फाइलमध्ये पहिली तारीख बघितली तेव्हा हे डोक्यात आलं. म्हणून पहिल्यापासून असलेल्या चुलतभावाला त्याच्या फोनवरून एक्सपोर्ट करायला लावलं. आता दोन फाइली झाल्या आणि २०२३ च्या पुढचं सगळं दोन्हीकडं, म्हणजे साफसफाई चालू व्हायच्या आधीच अर्धी चॅट डबल.

मला वाटलं सोपंय, तारीख, वेळ आणि मजकूर सारखा असला की एक उडवायचा. चालवलं तर फारच कमी जोड्या जुळल्या. नावं जुळणार नाहीत हे माहीत होतं, कारण एक्सपोर्टमध्ये नाव ज्याच्या फोनवरून काढलं त्याच्या फोनमध्ये जसं सेव्ह आहे तसं येतंय. माझ्याकडं जे "दाजी" ते भावाकडं "दाजी नवीन नंबर", आणि ज्यांचा नंबर सेव्हच नाही तिथं नुसता नंबर. ते मी जुळवणीत धरलंच नव्हतं. मग अडलं कुठं?

तारखेत. भावाच्या फोनची भाषा अमेरिकन इंग्रजीवर होती, त्यामुळं त्याच्या फाइलमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर. माझ्याकडं `08/06/2023` म्हणजे ८ जून, तोच मेसेज त्याच्याकडं `6/8/23`, आणि माझी स्क्रिप्ट ते ६ ऑगस्ट वाचायली. नुसत्या डबलचा प्रश्न नव्हता, पेरणीच्या वेळचा सल्ला फुलोऱ्याच्या महिन्यात जाऊन बसला होता. फाइल कुठल्या पद्धतीची हे ओळखायला सोपं आहे, दोन आकड्यांपैकी कुठल्या जागेवर १२ च्या वरचा आकडा येतोय ते बघा, ती जागा दिवसाची. ते ठरवून दोन्ही फाइलींच्या तारखा वर्ष-महिना-दिवस अशा एकाच पद्धतीनं करून घेतल्या, तेव्हा कुठं जोड्या जुळल्या. दोन्ही मिळून चौदा हजारांवर मेसेज होते, ते दहा हजारांच्या आत आले.

ओळ म्हणजे मेसेज नाही

टेक्स्ट फाइलमध्ये मोठा मेसेज पाच-सहा ओळींचा असतो आणि तारीख फक्त पहिल्या ओळीवर. म्हणून तारीख दिसली की नवीन मेसेज, नाहीतर आधीच्याला जोड. एवढंच करायचंय, पण इथं मी दोनदा पडलो.

पहिल्यांदा एकही मेसेज सापडला नाही, शून्य. अर्धा तास डोकं खाल्लं. वेळ आणि `pm` यांच्यामधली मोकळी जागा साधी स्पेस नव्हती, U+202F नावाची अरुंद स्पेस होती, डोळ्याला सारखीच दिसते पण मी कीबोर्डवरून टाइप केलेल्या स्पेसशी जुळत नाही. आधी ती बदलून घ्यावी लागली.

दुसऱ्यांदा मी "तारीख, नाव, कोलन, मजकूर" असा पूर्ण साचा शोधायलो. पण "अमक्यानं तमक्याला ॲड केलं" असल्या सिस्टिमच्या ओळींना कोलन नसतो, मग त्या साच्यात बसल्या नाहीत आणि आधीच्या माणसाच्या मेसेजला शेपटासारख्या चिकटल्या. म्हणून आधी फक्त तारखेवर तोडायचं आणि सिस्टिमच्या ओळी नंतर गाळायच्या:

```python
import re
raw = open("chat.txt", encoding="utf-8").read()
raw = raw.replace("\u202f", " ")
head = re.compile(r"^(\d+/\d+/\d+), (\d+:\d+ [ap]m) - (.*)$", re.I)
msgs = []
for line in raw.split("\n"):
    m = head.match(line)
    if m:
        msgs.append(list(m.groups()))
    elif msgs:
        msgs[-1][2] += "\n" + line
msgs = [x for x in msgs if ": " in x[2]]
```

हा ॲन्ड्रॉइडच्या फाइलीचा साचा आहे. आयफोनवरून काढलं तर तारीख चौकोनी कंसात येते, तिथं `head` ची ओळ बदलावी लागती.

यानंतर प्रत्येक मेसेजला क्रमांक दिला आणि सगळं स्प्रेडशीटमध्ये टाकलं. हा क्रमांक लई कामाला आला. पुढं विषयावर सॉर्ट केलं की "वरचं चुकलं, ते धरू नका" असला मेसेज अधांतरी लटकतोय, कुठलं वरचं? क्रमांक असला की परत मूळ जागी जाऊन बघता येतंय.

बी पेरा आणि बापरे

आता फॉरवर्ड. हवामानाचा तोच अंदाज पाच जण टाकतात, कुणी खाली हात जोडलेला इमोजी लावतंय, कुणी "शेअर करा" लिहितंय, कुणाचे आकडे मराठी कुणाचे इंग्रजी. म्हणून तुलना करायला प्रत्येक मेसेजची एक उघडी-बोडकी प्रत बनवायची, ज्यात स्पेस, इमोजी, टिंब-स्वल्पविराम काही नाही, आणि त्या प्रती सारख्या निघाल्या की डबल.

मी नेटवर सगळीकडं सापडतंय तसं `\W` वापरून "अक्षर नाही ते सगळं उडव" केलं. तपासताना बघतो तर मामांचा एक स्पष्ट मेसेज गायब. मामांनी लिहिलं होतं "बी पेरा", आणि स्क्रिप्टनं ते कशाचं डबल म्हणून उडवलं तर तात्यांच्या आदल्या दिवशीच्या "बापरे" चं. पायथनच्या हिशोबात काना, मात्रा, वेलांटी, उकार ही अक्षरं नाहीतच, ती पण उडतात. दोन्हीचं उरलं "बपर". मी एकटाच खुर्चीत बसून हसायलो. पण नंतर वाटलं, हे छोटं होतं म्हणून दिसलं.

मग उलटं केलं, काय उडवायचं ते न सांगता काय ठेवायचं ते सांगितलं:

```python
digits = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789")
def key(t):
    t = t.lower().translate(digits)
    return re.sub(r"[^\u0900-\u097Fa-z0-9]", "", t)
```

ही प्रत फक्त तुलनेसाठी. मूळ मजकुराला हात लावायचा नाही, कारण यात न दिसणारे जोडाक्षराचे कोड पण उडतात आणि "दुसर्‍या" सारख्या शब्दाचा आकार बिघडतोय.

अजून एक नियम मी नंतर घातला, ८० अक्षरांपेक्षा लहान मेसेज यातून उडवायचेच नाहीत. दोन फाइलींतलं डबल वेगळं, तिथं मिनिट पण जुळतंय. पण एकाच ग्रुपात दोघांनी वेगवेगळ्या वेळी "30" लिहिलं असलं तर ते डबल नाही, ती दोन माणसांची दोन उत्तरं आहेत, आणि कदाचित दोन वेगळ्या प्रश्नांची. मोठ्या फॉरवर्डचं पण "सुरवात सारखी म्हणजे सगळं सारखं" असं धरलं नाही. "शेतकरी बंधूंनो" पासून पहिल्या चार ओळी सारख्या आणि खाली आकडे वेगळे असे दोन निघाले, एक २०२२ चा एक २०२४ चा. असे जवळजवळ सारखे शेजारी लावून डोळ्यानं वाचले, त्याला पर्याय नाही.

२२ किलोची भानगड

इथपर्यंत मशीनचं काम. शुभेच्छा, राजकारण, लग्नाच्या पत्रिका, बाजारभाव (कालचा भाव वहीत कशाला) हे काढून साडेसहाशेच्या आसपास ओळी उरल्या. प्रत्येक ओळीला एक विषय लावला, एका मेसेजमध्ये दोन विषय असले तर ओळ दोनदा करून अर्धी-अर्धी ठेवली, क्रमांक तोच. आणि मी मोठ्या उत्साहानं पहिला मसुदा लिहून मामांना पाठवला. रात्री फोन आला.

"घरचं बी एकरी बावीस किलो कुणी सांगितलं रे तुला?"

"मामा, चॅटमध्येच आहे की. तात्यांनी लिहिलंय, दाजी पण बरं म्हणलेत."

"तात्या तसलं सांगणार नाही. नीट बघ."

चॅटमध्ये होतं ते असं, फाइलमधून जसंच्या तसं:

```
08/06/2023, 7:41 pm - दाजी: घरचं बी आहे एकरी किती टाकायचं
08/06/2023, 7:44 pm - बापू ट्रॅक्टर: यंदा बीबीएफवर करणार, त्याला किती लागतंय बी
08/06/2023, 7:52 pm - मामा: 30
08/06/2023, 7:53 pm - मामा: <Media omitted>
08/06/2023, 8:10 pm - तात्या: 22
08/06/2023, 8:11 pm - दाजी: बरं
08/06/2023, 9:02 pm - मामा: 65 आली तर 32
```

मी काय वाचलं? दाजींनी विचारलं, मामा ३० म्हणले, तात्यांनी दुरुस्त करून २२ सांगितलं, दाजींनी मान्य केलं. अगदी सरळ गोष्ट लागती. फोन उघडून ग्रुपात त्या दिवशी गेलो तर तात्यांचा "22" हा बापूंच्या मेसेजवर रिप्लाय होता, म्हणजे बीबीएफचा, आणि दाजींचा "बरं" हा मामांच्या "30" वर. तात्यांचा मेसेज मध्ये आला एवढंच.

रिप्लाय करताना वर जो चौकोनात जुना मेसेज दिसतोय ना, तो एक्सपोर्टमध्ये येतच नाही. मेसेजवर दिलेला अंगठा पण येत नाही. म्हणजे कोण कुणाला काय म्हणलं याचा धागाच तुटलेला असतोय आणि फाइल वाचताना ते कळत पण नाही, कारण शेजारच्या ओळी आपोआप एकमेकींना उत्तर दिल्यासारख्या दिसतात.

ज्याला शेतीतलं माहीत नाही त्याच्यासाठी फरक सांगतो. बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा सरी, त्यात मध्ये सरी पडती म्हणून बी कमी लागतंय. साध्या पेरणीला उगवण ७० टक्के धरून एकरी ३० किलो हा हिशोब आहे, हेक्टरी ७५. दाजींच्या घरच्या बियाला २२ वर कुणी साधी पेरणी केली असती तर एक चतुर्थांशाहून जास्त बी कमी पडलं असतं, आणि सोयाबीन विरळ उगवलं की तण माजतंय, दुबार पेरणीची पाळी.

मग "65 आली तर 32" हे काय? ते वरच्या `<Media omitted>` मधलं आहे. तिथं मामांनी एक तक्ता फोटोत टाकला होता, उगवण किती टक्के आली तर बी किती. मीडियाशिवाय एक्सपोर्ट केलं की फोटोच्या जागी नुसती ही खूण राहती, आणि मी पहिल्याच झटक्यात अशा सगळ्या खुणा कचरा म्हणून डिलीट केल्या होत्या. सगळ्यात कामाची गोष्ट फोटोत होती. परत मूळ फाइलवरून चालू केलं (मूळ फाइल ठेवली होती हे नशीब).

यानंतर मी दोन गोष्टी केल्या. पंधरा अक्षरांच्या आतले जेवढे मेसेज आकडा असलेले होते ते वेगळे काढले, बासष्ट निघाले, आणि एकेक करून फोनवर त्या तारखेला जाऊन रिप्लायचा चौकोन बघितला. कंटाळवाणं काम, दोन संध्याकाळी गेल्या. बासष्टपैकी अकरा चुकीच्या प्रश्नाला चिकटवले होते मी. दुसरं, मे-जूनमधल्या प्रत्येक `<Media omitted>` च्या पुढच्या-मागच्या तीन ओळी वाचल्या, तिथं कुणी "हे बघा", "यात आहे" असं म्हणलं असलं तर फोनमध्ये जाऊन तो फोटो किंवा व्हॉइस मेसेज उघडला. तात्या फारसं टाइप करत नाहीत, बोलतात, त्यांचे सहा व्हॉइस मेसेज ऐकून लिहून काढले.

एकाच प्रश्नाची नऊ उत्तरं

आता खरं डबल कुठंय ते दिसलं. "घरचं बी एकरी किती" हा प्रश्न तीन हंगामात नऊ वेळा आला, प्रत्येक वेळी शब्द वेगळे, कुठलीच स्क्रिप्ट त्यांना डबल म्हणणार नाही. नऊच्या नऊ उत्तरं एका खाली एक लावली. सहा जणांचं म्हणणं तेच, ३०. एकाचं "बॅगभर", म्हणजे पण ३०, तेव्हा गावात येणारी बॅग तेवढ्याची होती म्हणून, पण बॅगचं वजन बदलतंय तेव्हा वहीत बॅग लिहायची नाही, किलोच लिहायचं. एक बीबीएफचं. आणि एक तक्त्यातलं.

तक्ता बघितला तर तो साध्या गणितातून आलेला, ७० ला ३० म्हणजे गुणाकार २१००, त्याला आलेल्या टक्क्यानं भागा. ६५ ला ३२ किलो ३०० ग्रॅम, ६० ला ३५. मग आख्खा तक्ता वहीत देण्यापेक्षा एक ओळ बास. नऊ मेसेजचं शेवटी एवढं झालं:

> घरचं बी एकरी किती टाकायचं?
> आधी उगवण बघा (वरचा भाग). साधी पेरणी: ७० टक्क्याला ३० किलो. त्यापेक्षा कमी आली तर २१०० भागिले आलेला टक्का, उदा. ६५ ला ३२ किलो ३०० ग्रॅम. ६० च्या खाली आली तर ते बी पेरू नका.
> बीबीएफवर: २२ किलो.
> *मेसेज २०२२ ते २०२४, मामांनी तपासलं.*

"वरचा भाग" म्हणजे उगवण तपासणी, शंभर दाणे, ओलं गोणपाट, दहा-दहाच्या ओळी, गुंडाळून सावलीत, पाणी शिंपडत राहायचं आणि सहा-सात दिवसांनी मोजायचं. हे पण चौदा मेसेजमध्ये विखुरलेलं होतं. मी आधी ते बियाच्या मापाच्या भागातच परत लिहिलं होतं, "वाचणाऱ्याला सोपं जाईल" म्हणून, मग काढलं. एक गोष्ट दोन जागी लिहिली की पुढच्या वर्षी एका जागी दुरुस्त होती आणि दुसऱ्या जागी तशीच राहती. एका जागी लिहायचं, बाकीच्या ठिकाणी नुसता बोट दाखवायचा.

हेडिंग देताना पहिल्यांदा मी "बियाणे व्यवस्थापन", "तण व्यवस्थापन" असली पुस्तकी दिली होती. मामांना शोधताच येईना. मग चॅटमध्ये माणसं जसं विचारतात तेच हेडिंग केलं, "किती पाऊस झाल्यावर पेरायचं?", "बीजप्रक्रियेत आधी काय लावायचं?" आणि क्रम हंगामाचा, बी निवडण्यापासून काढणीपर्यंत. गुगल डॉक्समध्ये हेडिंग नुसतं ठळक करून चालत नाही, `Heading 2` लावावं लागतंय, तरच ते अनुक्रमणिकेत येतंय, आणि डावीकडं यादी पण दिसती.

जिथं दोघांचं खरंच पटत नव्हतं तिथं मी निवाडा केला नाही, दोन्ही लिहिलं, कुठल्या रानात आणि कुठल्या वर्षी ते सोबत. भारी काळ्या रानातला आणि मुरमाड रानातला अनुभव वेगळा असणारच. नावं मात्र सगळी काढली, नंबर तर आधीच, आणि उधारी-पाधारीची बोलणी, कुणाच्या पासबुकाचा फोटो, हे कुठंच ठेवलं नाही. पीडीएफ वाटायच्या आधी ग्रुपात विचारलं, एकानं त्याच्या शेताचा उल्लेख काढायला सांगितला, काढला.

जे सुटलं नाही

शेवटच्या पानावर "अर्धवट" असं एक हेडिंग आहे, चार नोंदी. सगळ्यात मोठी फवारणीची. चॅटमध्ये सगळीकडं "पंपाला ३०", "पंपाला ४०" आहे, पण पंप केवढा हे कुणीच लिहिलेलं नाही, कुणाकडं १५ लिटरचा, कुणाकडं २० चा, आणि कुणाचा पेट्रोलवर चालणारा. ३० काय, मिली का ग्रॅम, ते पण दोन ठिकाणी नाही. अंदाजानं भरलं असतं तर वही पूर्ण दिसली असती. मी ते सगळे आकडे काढून टाकले आणि लिहिलं की प्रमाण डब्याच्या लेबलवर बघा, आपला पंप किती लिटरचा ते मोजून घ्या. तात्यांना विचारलंय तुमचा पंप केवढा आहे म्हणून, व्हॉइस मेसेज आलाय त्यांचा दोन मिनिटांचा, त्यात बैल विकल्याचं सांगितलंय, पंपाचं अजून नाही.